काळ्या पतंगाचे गणित

१८४८ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एक पूर्ण काळा पतंग पकडला गेला. बिस्टन बेट्युलारिया या जातीचे पतंग तिथल्या संग्राहकांच्या रोजच्या ओळखीचे होते. पांढरट पंख, त्यावर काळे ठिपके आणि रेघा, आणि दगडफुलाने भरलेल्या सालीवर बसला की दिसेनासा होणारा, असा हा रात्री उडणारा कीटक. काळा नमुना त्यामुळेच नोंद घेण्याजोगा वाटला. पुढच्या काही दशकांत गिरण्यांच्या धुराने झाडांवरचे दगडफूल मारून टाकले, साली काजळीने काळ्या पडल्या, आणि १८९५च्या सुमारास मँचेस्टरच्या परिसरात शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते. फिका पतंग आता काळ्या सालीवर उठून दिसत होता आणि पक्षी तो टिपत होते.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तिथे सहसा न येणारा प्रश्न असा की, काळे असण्याचा फायदा नेमका किती असला पाहिजे, म्हणजे अर्ध्या शतकात एवढी उलथापालथ होईल? शंभरात एखादा पतंग जास्त वाचला तर पुरेल, की दहा, की पन्नास? १९२४ साली केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हा प्रश्न कागद-पेन्सिलीने सोडवला. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या या गणिताला बेरीज, गुणाकार आणि भागाकार याहून फारसे काही लागत नाही, म्हणून ते आपणही करून पाहू.

दोन प्रती, तीन प्रकार

प्रत्येक पतंगाकडे रंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांना अ‍ॅलील म्हणतात. इथे दोन अ‍ॅलील धरू: एक काळे, एक फिके. मग पतंगांचे तीन प्रकार होतात. दोन्ही प्रती काळ्या, एक काळी एक फिकी, आणि दोन्ही फिक्या.

या पतंगात काळे अ‍ॅलील प्रभावी आहे. एक जरी प्रत काळी असली तरी अंग पूर्ण काळे होते. म्हणजे शुद्ध काळा आणि मिश्र पतंग शेजारी ठेवले तर आपल्याला फरक कळत नाही, आणि पक्ष्यालाही कळत नाही. फिका दिसायला मात्र दोन्ही प्रती फिक्या लागतात. पुढचे सगळे गणित या एका गोष्टीभोवती फिरते.

सगळ्या पतंगांच्या सगळ्या प्रती एकत्र मोजल्या तर त्यांतला काळ्या अ‍ॅलीलचा वाटा म्हणजे p, आणि फिक्याचा वाटा म्हणजे q. दोन्ही मिळून १. पतंग रंग न पाहता जोड्या जमवत असतील, तर पिल्लाला दोन्ही फिक्या प्रती मिळण्याची शक्यता q × q, दोन्ही काळ्या मिळण्याची p × p, आणि मिश्र होण्याची २ × p × q. हा हार्डी-वाइनबर्गचा नियम. निसर्गातून पतंग पकडताना आपल्याला फक्त रंग दिसतो, अ‍ॅलील दिसत नाही. पण फिक्यांचे प्रमाण q² असल्यामुळे त्याचे वर्गमूळ काढले की q हाती येतो.

आता निवड-गुणांक, म्हणजे s. ज्या प्रकाराला सर्वांत जास्त यश मिळते त्याचे यश १ मानायचे. दुसऱ्या प्रकाराचे यश त्याच्या तुलनेत जितके कमी, तितका s. इथे यश म्हणजे नुसते जगणे नाही. पुढच्या पिढीत सरासरी किती संतती पोचते, ते यश. काळ्यांच्या दर तीन वारसांमागे फिक्यांचे दोनच वारस पोचत असतील, तर फिक्यांचे यश २/३ आणि s = १/३, म्हणजे सुमारे ०.३३. हीच गोष्ट उलट बाजूने सांगितली तर काळ्यांना फिक्यांपेक्षा पन्नास टक्के जास्त वारस मिळतात. तेहतीस टक्के कमी आणि पन्नास टक्के जास्त ही एकाच परिस्थितीची दोन वर्णने आहेत. कोणाला १ मानले आहे ते न पाहता दोन लेखांतले s ताडून पाहिले, की हमखास घोटाळा होतो.

एका पिढीचा हिशेब

समजा, ४०,००० पतंग आहेत. त्यांतला १ शुद्ध काळा, ३९८ मिश्र आणि उरलेले ३९,६०१ फिके. दिसायला काळे ३९९, म्हणजे साधारण एक टक्का. एकूण प्रती ८०,०००. त्यांत काळ्या प्रती किती? शुद्ध काळ्याच्या २ आणि मिश्रांच्या ३९८, मिळून ४००. म्हणून p = ४०० ÷ ८०,००० = ०.००५.

आता s = १/३ धरून निवड लावू. मरण काळ्यांनाही येतेच, पण आपल्याला फक्त तुलना हवी आहे. म्हणून काळ्यांची संख्या तशीच ठेवायची आणि फिक्यांची दोन तृतीयांश करायची. फिके उरतात सुमारे २६,४०१. काळे ३९९. एकूण २६,८००, आणि त्यांच्या प्रती ५३,६००. काळ्या प्रती होत्या तेवढ्याच, ४००. भागाकार केला की नवा p येतो ०.००७४६.

या हिशेबात काळ्या प्रतींची संख्या वाढलेलीच नाही. भोवतालच्या फिक्या प्रती गळाल्या, म्हणून काळ्यांचा वाटा वाढला. हेच सूत्रात असे लिहितात:

p′ = p ÷ (1 − s q²)

छेदातला s q² म्हणजे एकूण समूहातून निवडीने वजा झालेला भाग: फिके जितके, त्यांतला s इतका हिस्सा. फिके भरपूर असतात तेव्हा छेद लहान आणि वाढ मोठी. फिके विरळ झाले की छेद १ च्या जवळ सरकतो आणि p जागचा हलत नाही. s मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच असतो.

०.००५ वरून ०.००७४६ ही वाढ आकड्याने क्षुल्लक, अर्ध्या टक्क्यावरून पाऊण टक्का. पण मुळाच्या तुलनेत ती जवळजवळ पन्नास टक्के आहे. हा पतंग वर्षातून एकच पिढी काढतो. म्हणजे पुढच्या वर्षी काळे पतंग एक टक्क्याऐवजी दीड टक्का दिसतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. जाळे घेऊन हिंडणाऱ्या माणसाला हा फरक जाणवणारही नाही.

पंचेचाळीस पिढ्या

आलेला p पुन्हा सूत्रात घालायचा, आलेले उत्तर पुन्हा घालायचे, असे करत गेलो की पुढचा तक्ता मिळतो.

| पिढी | काळे अ‍ॅलील (टक्के) | काळे पतंग (टक्के) |
|---|---|---|
| ० | ०.५ | १.० |
| ५ | ३.६ | ७.० |
| १० | १८.७ | ३३.९ |
| १२ | २९.७ | ५०.६ |
| १५ | ४६.७ | ७१.५ |
| २० | ६६.२ | ८८.६ |
| ३० | ८२.४ | ९६.९ |
| ४५ | ९०.२ | ९९.० |

पहिल्या पाच वर्षांत काळे पतंग एक टक्क्यावरून सातावर जातात. पुढच्या सातच वर्षांत ते निम्म्यावर पोचतात. सर्वांत जोराची उडी बाराव्या आणि तेराव्या पिढीच्या मध्ये आहे. तिथे काळ्या अ‍ॅलीलचा वाटा एका वर्षात जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. त्या वेळी तो तीस टक्क्यांच्या आसपास असतो. प्रभावी अ‍ॅलीलचा वेग साधारण तिथेच, एक तृतीयांश वाट्याजवळ, सर्वाधिक असतो. फायदा मिळवायला काळ्या प्रती पुरेशा झालेल्या असतात, आणि ज्यांच्या तुलनेत फायदा मिळायचा ते फिके पतंगही पुष्कळ असतात.

आणि मग गाडी मंदावते. एक टक्क्यापासून एकोणनव्वद टक्क्यांपर्यंत यायला काळ्या पतंगांना वीस वर्षे लागली. पुढचे दहा टक्के मिळवायला पंचवीस वर्षे लागतात. पंचेचाळिसाव्या पिढीत काळ्या अ‍ॅलीलचा वाटा वर्षाला जेमतेम ०.३ टक्क्याने सरकतो.

का, ते १०,००० पतंगांवर पाहू. पंचेचाळिसाव्या पिढीत त्यांतले फिके फक्त ९६ असतील. मिश्र असतील १,७६६. फिक्या प्रतींची मोजणी केली तर ९६ फिक्यांकडे १९२, आणि मिश्रांकडे १,७६६. एकूण १,९५८ फिक्या प्रतींपैकी नव्वद टक्के काळ्या अंगांत दडलेल्या आहेत. पक्षी त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही. तो ९६ फिक्यांमधले एक तृतीयांश, म्हणजे ३२ टिपेल, आणि त्यांच्याबरोबर ६४ प्रती जातील. पहिल्या पिढीत फिक्या प्रतींतली जवळपास दर तिसरी गळत होती. आता शंभरात तीन-साडेतीन गळतात. पक्ष्यांची नजर तितकीच तीक्ष्ण आहे, साली तितक्याच काळ्या आहेत, s तोच आहे. बदलले आहे ते एवढेच, की बहुतेक फिक्या प्रती आता नजरेआड आहेत.

या शेवटच्या टप्प्याला एक सोपा अंदाज लागू पडतो. q लहान झाला की १ ÷ q ही संख्या दर पिढीला जवळजवळ s इतकी वाढते. पंचेचाळिसाव्या पिढीत ती दहाच्या थोडी वर आहे. फिके अ‍ॅलील दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर यायचे, तर ती शंभर व्हायला हवी, म्हणजे नव्वद वाढायला हवी. दर वेळी एक तृतीयांशाहून किंचित कमी वाढ धरली, तर त्याला आणखी सुमारे पावणेतीनशे वर्षे लागतील. काळ्याला सत्तेवर यायला पंचेचाळीस वर्षे पुरली, पण फिक्याचा मागमूस पुसायला त्याच्या सहापट काळही पुरत नाही.

काळे अ‍ॅलील प्रभावी नसते तर? समजा काळे दिसायला दोन्ही प्रती काळ्या लागल्या असत्या. मग आपल्या ४०,००० पतंगांतला फक्त एक काळा दिसला असता, आणि ३९८ प्रती फिक्या अंगांत बसून कोणताच फायदा न घेता राहिल्या असत्या. त्याच s ने काळ्या अ‍ॅलीलचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून नुसता एक टक्का व्हायला सुमारे दोनशे पिढ्या गेल्या असत्या. प्रभावी अ‍ॅलीलला सुरुवातच सोपी जाते, आणि शेवट अवघड. अप्रभावीचे नेमके उलटे. नव्या परिस्थितीत झपाट्याने वर आलेली उपयोगी अ‍ॅलील शोधली, की त्यांत प्रभावी जास्त सापडावीत, अशी अपेक्षा यातूनच निघते. तिला हॉल्डेनची चाळणी म्हणतात.

आकड्यावरून s कडे

आतापर्यंत आपण s धरून चाललो आणि वर्षे मोजली. हॉल्डेन यांनी उलट केले. त्यांच्याकडे सुरुवात होती, शेवट होता आणि मधली वर्षे होती. १८४८ मध्ये काळे एक टक्क्याहून जास्त नसावेत, आणि शतक संपताना ते नव्याण्णव टक्के झाले असावेत, असे त्यांनी धरले. मधल्या अठ्ठेचाळीस-पन्नास पिढ्यांत हा प्रवास बसवायला s किती हवा?

वेगवेगळे s घालून पाहिले की उत्तर दिसते. s = ०.०१ धरला, म्हणजे शंभरात एक फिका जास्त गळतो, तर हा प्रवास साडेसोळाशे वर्षांच्या आसपास जातो. s = ०.१ धरला तरी सुमारे एकशे साठ वर्षे लागतात. s = ०.५ धरला तर तीसेक वर्षांतच काम होते. जुळते ते ०.३३ च्या जवळ. म्हणून हॉल्डेन यांचा निष्कर्ष असा, की काळ्यांची संतती फिक्यांपेक्षा निम्म्याने जास्त असली पाहिजे. त्या काळी नैसर्गिक निवड म्हणजे युगानुयुगे चाललेली सूक्ष्म झीज, अशीच बहुतेकांची समजूत होती. हा आकडा त्या समजुतीत बसत नव्हता.

मात्र हा आकडा कारण सांगत नाही. फिके कमी पडले एवढेच तो सांगतो. पक्ष्यांनी खाल्ले, रोगाने गेले की अंडी कमी घातली, ते त्यात नाही. पक्ष्यांचा वाटा तपासायला १९५३ साली बर्नार्ड केटलवेल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले आणि पुन्हा पकडले. सोडलेल्या काळ्यांपैकी सुमारे सत्तावीस टक्के परत मिळाले, फिक्यांपैकी सुमारे तेरा. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात प्रमाण उलटे झाले. दिशा सिद्ध झाली. पण पतंग उघड्या खोडांवर, नेहमीपेक्षा दाटीने बसवले होते, अशी टीका पुढे झाली. शिवाय काही दिवसांत परत मिळालेल्यांचे गुणोत्तर म्हणजे पूर्ण पिढीचा s नव्हे. पिढीच्या s मध्ये अळीपासून अंडी घालेपर्यंतचे सगळे आयुष्य येते.

सूत्र कुठे तोकडे पडते

सूत्रात दडलेली पहिली अट म्हणजे मोठी संख्या. एखादे अ‍ॅलील नव्याने जन्मते तेव्हा त्याची एकच प्रत असते. त्या एका पतंगाला पहिल्याच रात्री वटवाघळाने उचलले, तर फायदा कितीही मोठा असो, कथा तिथेच संपते. हॉल्डेन यांनी हेही १९२७ मध्ये मोजले. फायदा एक टक्का असेल, तर नवे अ‍ॅलील कायमचे टिकण्याची शक्यता सुमारे दोनच टक्के. त्याच पद्धतीने पन्नास टक्के फायद्याचे गणित केले, तर ती शक्यता अठ्ठावन्न टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे एवढा घसघशीत फायदा असूनही दहातली चार नवी अ‍ॅलील सुरुवातीलाच हरवतात. पहिले काही डझन वारस होईपर्यंत राज्य नशिबाचे असते, सूत्राचे नाही.

या पतंगाच्या बाबतीत ती सुरुवात कशी झाली हेही आता ठाऊक आहे. २०१६ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवले, की कॉर्टेक्स नावाच्या जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक उडता डीएनए-तुकडा घुसल्याने काळा रंग आला. ही घटना बहुधा एकदाच, १८१९च्या सुमारास घडली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. पन्नास टक्के वाढीने एका प्रतीच्या एकोणतीस वर्षांत सव्वा लाखांहून जास्त प्रती होतात. १८४८ पर्यंत काळा पतंग कोणाच्या तरी जाळ्यात सापडणे त्यामुळे नवलाचे राहत नाही. अर्थात तोवर धूर आणि काजळी पुरेशी होती, हे धरून.

दुसरी अट म्हणजे समूह बंदिस्त असणे. पतंग उडतात. लिव्हरपूल परिसरात काळे बहुसंख्य होते, तर जवळच्या उत्तर वेल्सच्या खेड्यांत ते विरळ होते, आणि मधल्या पट्ट्यात प्रमाण हळूहळू उतरत जाई. वेल्सकडून येणारे फिके पतंग शहराकडच्या फिक्या अ‍ॅलीलची भर सतत घालत होते. अशा ठिकाणी फिके पतंग गणिताने सांगितल्यापेक्षा जास्त काळ टिकलेले दिसले, तर s कमी झाला असे म्हणण्याआधी बाहेरून येणारे मोजावे लागतात. शेजारच्या गावांतल्या प्रमाणांत असा क्रमाक्रमाने उतार दिसणे, ही स्थलांतराची खूण असते.

तिसरी अट, s कायम असणे. ती तर उघडच मोडली.

उलटा प्रवास

१९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांतला कोळशाचा धूर कमी होत गेला, आणि झाडांची साल पुन्हा उजळू लागली. लिव्हरपूलजवळच्या कॅल्डी कॉमन इथे सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून दरवर्षी पतंग पकडून मोजले. सुरुवातीला शंभरातले सुमारे त्र्याण्णव काळे होते. १९९०च्या दशकाच्या मध्याला ते विसाच्या खाली आले.

आता तोटा काळ्यांना आहे, पण प्रभावी अ‍ॅलील तेच. फिके ७ टक्के, म्हणजे q² = ०.०७ आणि q सुमारे ०.२६५. काळ्यांविरुद्ध s = ०.१५ धरून एक पिढी पुढे गेलो, तर q होतो ०.२७४ आणि फिके साडेसात टक्के. वर्षात अर्ध्या टक्क्याची भर. फायदा मिळवणारे फिके मोजके आहेत, आणि मिश्रांतली फिकी प्रत काळ्या अंगाबरोबर मार खाते आहे. म्हणून परतीची सुरुवात संथ असते. एकदा फिके वाढले, की काळ्यांची घसरण वेग घेते, कारण प्रभावी अ‍ॅलीलला लपायला जागा नसते. त्याची प्रत्येक प्रत अंगावर दिसते. सुमारे छत्तीस पिढ्यांत कॅल्डीचे आकडे गाठायला s साधारण ०.१५ लागतो.

हा आकडा प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहता आला. मायकेल मॅजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिजजवळ ४,८६४ पतंग, ते स्वतःहून जिथे बसतात तशा जागी, नैसर्गिक विरळपणे सोडले, आणि पक्षी कोणाला टिपतात ते पाहिले. त्यांच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी २०१२ साली निकाल प्रसिद्ध केला. काळ्यांविरुद्धचा रोजचा निवड-गुणांक सुमारे ०.१ आला, आणि अलीकडची झपाट्याची घट समजावायला तो पुरेसा होता.

या परतीसाठी फिके अ‍ॅलील उरले कसे, याचेही उत्तर त्याच सूत्रात आहे. आपल्या बंदिस्त, काल्पनिक समूहात १ टक्का फिके उरल्यानंतर आणखी साठ वर्षे त्याच s ने काढली, तरी फिक्या प्रती ३.४ टक्के शिल्लक राहतात, जवळजवळ सगळ्या मिश्रांच्या अंगात. फिके अ‍ॅलील प्रभावी असते, तर पहिल्याच टप्प्यावर तेच १ टक्का फिके पतंग म्हणजे फक्त अर्धा टक्का फिक्या प्रती झाल्या असत्या, त्याही सगळ्या उघड्यावर. दरवर्षी त्यांतल्या एक तृतीयांश गळत साठ वर्षांनी उरला असता अर्ध्या टक्क्याचा साडेतीन हजार कोटीवा भाग, म्हणजे व्यवहारात शून्य. मग हवा स्वच्छ झाल्यावर फिका पतंग परत यायला बाहेरगावचाच हवा होता. म्हणून एखाद्या अ‍ॅलीलचा निवड-गुणांक वाचताना लगेच दुसरा प्रश्न विचारावा: त्या अ‍ॅलीलच्या किती प्रती अंगावर दिसतात? या पतंगांत वेग ठरवला त्या दोन संख्यांनी मिळून.